वजनाची शीट: साडेबाराशे रुपये आणि रोजची पाच मिनिटं

म्हसाच्या जत्रेला आम्ही रविवारी गेलो. भजी झाली, जिलेबी झाली, घरी येऊन मटणाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी झाली. सोमवारी सकाळी काट्यावर ७९.३ दिसलं. आदल्या दिवशी ७८.७ होतं. म्हणजे एका रात्रीत ६०० ग्रॅम. तीन आठवडे चहातली साखर निम्मी केली होती, ती सगळी वाया गेली असं वाटून मी त्या सकाळी चहात पुन्हा दोन चमचे घातली.

हिशेब नंतर केला. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. ६०० ग्रॅम चरबी वाढायची तर रोजच्या गरजेपेक्षा साडेचार हजारांच्या वर कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. म्हणजे नेहमीचं जेवण जेवून वर पंधरा वडापाव. जत्रा झाली तरी तेवढं खाल्लं नव्हतं. काट्यावर आलं होतं ते मीठ, त्याने धरून ठेवलेलं पाणी आणि अजून पोटातच असलेलं जेवण. भात-भाकरीतला जो पिष्टाचा साठा शरीर करून ठेवतं, तोसुद्धा आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सोबत धरतो. म्हणून निरोगी माणसाचं वजन रोज अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतं. त्याचा चरबीशी काही संबंध नसतो.

याला तोड म्हणजे रोजचा आकडा लिहायचा, पण निष्कर्ष आठवड्याच्या सरासरीवरूनच काढायचा. ही काही नवी युक्ती नाही. जॉन वॉकर नावाच्या अमेरिकन सॉफ्टवेअरवाल्याने १९९१ मध्ये एक्सेलच्या तक्त्यांवर याच धर्तीची पद्धत बसवून ‘द हॅकर्स डाएट’ लिहिलं. आणि आपल्या अंगणवाडीत तर मुलाचं वजन महिन्याच्या महिन्याला वृद्धी तक्त्यावर चढतंच. तिथेही सेविका एका ठिपक्यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते पाहते. आपल्याला तेच मोठ्या माणसासाठी करायचं आहे. खर्च किती, सामान कोणतं आणि फसायला कुठे होतं, ते सांगतो.

काय घ्यायचं, काय नाही

दोन काटे लागतात. माणसाच्या वजनाचा डिजिटल काटा साधारण सातशे ते बाराशेला मिळतो. मी नऊशेचा घेतला. स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा छोटा काटा तीनशे ते पाचशेला, माझा साडेतीनशेचा. हे साडेबाराशे झाले. मुरबाडच्या बाजारात काटा मिळतो, कल्याणला पर्याय जास्त. पण काट्यासाठी म्हणून कल्याणची एसटी करू नका, दुसरं काम असेल तेव्हा आणा. सेल वर्षातून एखाद-दोनदा बदलावे लागतात. गूगल शीट्स फुकट आहे, संगणक असेल तर लिबरऑफिस कॅल्कही फुकट. एक्सेल घरी आधीच असेल तर उत्तम, फक्त एवढ्यासाठी त्याची वर्षाची वर्गणी भरू नका.

दुकानदार हमखास ‘स्मार्ट’ काटा पुढे करतो, चरबीचे टक्केही दाखवणारा. तो पायांतून बारीक विजेचा प्रवाह सोडून अंदाज बांधतो. अंगातलं पाणी कमीजास्त झालं की तो अंदाजही हलतो. म्हणजे ज्या चढउतारापासून सुटायला आपण सरासरी काढणार, तोच चढउतार दुसऱ्या नावाने विकत घेतो. त्याचे जास्तीचे पैसे वाचवा. पावलं मोजायला हातातला पट्टाही लागत नाही. बहुतेक स्मार्टफोन पावलं मोजतात.

काटा घरी आणल्यावर एक परीक्षा फुकटात होते. सीलबंद गॅस सिलिंडरवर त्याचं रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा. सिलिंडरवर १५.८ असेल तर बेरीज ३०.०. सिलिंडर काट्यावर जपून ठेवा आणि बघा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक चालेल. मग तो उतरवून पुन्हा ठेवा, असं तीनदा करा. काटा दर वेळी ३०.६ दाखवत असेल तर हरकत नाही, कारण रोज तेवढंच जास्त दाखवणारा काटा कल बरोबरच दाखवतो. पण एकदा ३०.१, एकदा ३०.९, एकदा २९.७ असं नाचत असेल तर पावती घेऊन दुकान गाठा.

परत करण्याआधी मात्र पायाखाली बघा. आमच्याकडे ओटीवर शहाबादी आहे आणि मागच्या पडवीत सारवलेली जमीन. पडवीत काटा माझं वजन तब्बल दीड किलो कमी दाखवायचा. जमीन मऊ, काट्याचे पाय रुततात. चटई, सतरंजी यांवरही हेच होतं. फरशीवर एक जागा ठरवा, खडूने खूण करा आणि काटा तिथून हलवू नका.

शीट कशी मांडायची

गूगल शीट्समध्ये नवीन फाइल उघडा. पहिल्या पानाचं नाव Daily ठेवा, दुसऱ्याचं Week. Daily मध्ये पहिल्या ओळीत मथळे: A मध्ये तारीख, B वजन, C कॅलरी, D पावलं, E आठवडा. दुसऱ्या ओळीपासून रोजची एक ओळ. E हा रकाना आपण भरायचा नाही, त्यात हे सूत्र घालून खाली ओढायचं. त्या तारखेचा आठवडा ज्या सोमवारी सुरू झाला, तो सोमवार ते दाखवतं:

```
=IF(A2="","",A2-WEEKDAY(A2,2)+1)
```

तिथे तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका. रकाना निवडून फॉरमॅटमध्ये तारीख करा.

Week या पानावर A2 मध्ये तुमचा पहिला सोमवार हाताने लिहा. A3 मध्ये `=A2+7` लिहून खाली ओढा. मग B2 मध्ये हे सूत्र:

```
=AVERAGEIF(Daily!$E:$E,$A2,Daily!B:B)
```

हेच उजवीकडे C आणि D मध्ये ओढलं की कॅलरी आणि पावलांचीही सरासरी येते. E2 मध्ये त्या आठवड्यात किती दिवस वजन झालं ते मोजायचं, आणि F3 मध्ये मागच्या आठवड्यापासूनचा फरक:

```
=COUNTIFS(Daily!$E:$E,$A2,Daily!$B:$B,">0")
=B3-B2
```

ही सगळी सूत्रं खाली ओढली की झाली शीट. अजून भरायच्या आठवड्यांपुढे `#DIV/0!` दिसेल. त्याचा अर्थ इतकाच, की सरासरी काढायला अजून काही नाही.

आता चुका. पहिली माझीच. मराठी कीबोर्डवरून मी चार दिवस ‘७८.४’ असं देवनागरीत लिहीत होतो. शीटने तो आकडा मजकूर समजून बाजूला ठेवला आणि सरासरी उरलेल्या तीन दिवसांची दिली. तक्रार काहीच केली नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा आपोआप रकान्याच्या उजव्या कडेला सरकला तर तो आकडा, डावीकडे चिकटून राहिला तर मजकूर. तारखेलाही हीच खूण. तारीख उलटी घेतली जात असेल, म्हणजे ५ जूनचा ६ मे होत असेल, तर संगणकावर File, मग Settings मध्ये जाऊन Locale भारत करा.

दुसरी चूक जास्त वाईट. ज्या दिवशी वजन केलं नाही त्या दिवशी शून्य लिहिणं. रिकामा चौकोन सरासरीत धरला जात नाही, शून्य धरलं जातं. एका दिवसाच्या शून्याने ७८ किलोची सरासरी ६७ वर येते, ते लगेच कळतं. पण पावलांत तसंच शून्य पडलं तर कळतही नाही. आवणात, लावणीच्या दिवसांत, फोन घरी पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो आणि माणूस दिवसभर चिखलात वाकलेला असतो. त्या दिवशीची पावलं शून्य नाहीत, माहीत नाहीत. चौकोन रिकामा सोडा.

गावाबाहेर रेंज गेली तरी लिहिता यावं म्हणून फोनवर ती फाइल ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याचा पर्याय चालू करा. रेंज आल्यावर ती स्वतःच जुळवून घेते.

वजन कधी, कॅलरी कशा

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी, हलक्या कपड्यांत. रोज शक्य नसेल तर आठवड्यात निदान चार दिवस. Week मधला E रकाना चारपेक्षा कमी दाखवत असेल तर त्या आठवड्याच्या सरासरीवर विसंबू नका. दर सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहण्याचा मार्ग फुकटचा आहे खरा. पण आठवड्यातून एकच वजन म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार पुन्हा आलाच.

कॅलरीत सगळ्यात मोठा घोटाळा भाताचा होतो. पहिल्या दिवशी मी ताटातला भात काट्यावर ठेवला, ३०० ग्रॅम भरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत पांढरा तांदूळ शंभर ग्रॅमला ३५६ कॅलरी पडतो. (त्या तक्त्यांत उष्मांक किलोज्यूलमध्ये दिलेत, ४.१८४ ने भागावं लागतं.) मी गुणाकार करून १,०६८ लिहिले. सौ. मागून वाचत होती. म्हणाली, “अहो, ते तांदूळ मोजताय की भात?”

तो आकडा कच्च्या तांदळाचा होता. शिजताना तांदूळ पाणी पिऊन जवळपास तिप्पट होतो. ३०० ग्रॅम भात म्हणजे साधारण शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३५६ कॅलरी. मी एका जेवणात सातशे कॅलरी हवेतून आणल्या होत्या.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. घरच्यांसाठी अर्धा किलो तांदूळ घेतला. भात झाल्यावर पातेलं मोजलं, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा केलं, १,४५० ग्रॅम भात निघाला. माझ्या ताटात २५० ग्रॅम. २५० ला १,४५० ने भागून ५०० ने गुणलं, ८६ ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३०७ कॅलरी. तुमच्या घरचं पाण्याचं प्रमाण रोज तेच असेल तर हे एकदाच करा. आमच्याकडे शंभर ग्रॅम भात म्हणजे सव्वाशे कॅलरीच्या जरा खाली, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. भाकरीचं त्याहून सोपं. एका भाकरीला लागणारं पीठ एकदा मोजा. पन्नास ग्रॅम तांदळाचं पीठ असेल तर पावणेदोनशेच्या आसपास.

तेल चमच्याने मोजायच्या भानगडीत पडू नका, फोडणी घालणारं माणूस वेगळं आणि शीट भरणारं वेगळं असतं. महिन्याला घरात किती पिशव्या संपतात ते बघा. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे एका पिशवीत आठ हजारांवर. चार माणसांत महिन्याला तीन पिशव्या जात असतील तर माणशी रोज दोनशे कॅलरी तेलाच्याच. त्या दोनशे रोजच्या बेरजेत डोळे मिटून घाला. साखर घातलेला दुधाचा चहा कपाला साठ-सत्तर, वडापाव तीनशेच्या आसपास. लग्नकार्याच्या पंगतीला अंदाज लिहा आणि मोकळे व्हा. अंदाजाचा दिवस रिकामा सोडला तर नेमके जास्त खाल्लेले दिवस सरासरीतून गळतात आणि शीट तुम्हाला गोड गोड सांगू लागते.

पावलांच्या कॅलरी या बेरजेतून वजा करायच्या नाहीत. हजार पावलं म्हणजे सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला तीस-चाळीस कॅलरी. चाललेलं सगळं शेवटी वजनाच्या कलात आपसूक उतरतं, वजाबाकी केली तर ते दोनदा धरलं जातं. दहा हजार पावलांचा आकडाही मनावर घेऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. पावलांचा रकाना ठेवायचा तो दुसऱ्याच कामासाठी: वजन अडकलं तर खाणं वाढलं की चालणं कमी झालं, हे कळावं म्हणून. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटरसायकलवर फोन खिशात असला तर काही खोटी पावलंही त्यात शिरतात. रोज तोच रस्ता असेल तर दुर्लक्ष करा.

दोन आठवडे, तीन निकाल

जत्रेच्या आधीचा आठवडा, सोमवार ते रविवार: ७८.६, ७८.१, ७८.४, ७७.९, ७८.२, ७८.०, ७८.७. नंतरचा: ७९.३, ७८.५, ७८.०, ७७.८, ७७.६, ७७.९, ७७.५.

सोमवारची सोमवारशी तुलना केली तर मी ७०० ग्रॅमने वाढलो. रविवारची रविवारशी केली तर १,२०० ग्रॅमने घटलो. माणूस तोच, आठवडे तेच. सरासरी पहिल्या आठवड्याची ७८.२७, दुसऱ्याची ७८.०९. घट १८० ग्रॅमची.

आणि या १८० ग्रॅमवरही मी विश्वास ठेवला नाही. रोज तीन-चारशे ग्रॅम हलणाऱ्या आकड्यांच्या सात दिवसांच्या सरासरीतही शंभर-दीडशे ग्रॅमची डगमग उरतेच. एका आठवड्याचा दोनशे ग्रॅमचा फरक खरा असेल किंवा नसेलही. म्हणून पाच आठवड्यांच्या सरासऱ्या पाहिल्या: ७८.२७, ७८.०९, ७७.८१, ७७.६२, ७७.४३. आता शंका राहत नाही. बायकांनी पाळीच्या चक्रामुळे अंगात साठणारं पाणी लक्षात घेऊन या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर महिन्यातून एकदा शीट विनाकारण घाबरवते. आलेख काढलात तर आणखी एक: शीट उभा अक्ष आपल्या मर्जीने ताणते, आणि अर्ध्या किलोची घट माळशेजच्या कड्यासारखी दिसते. आकडे वाचा.

या पाच सरासऱ्यांतून एक उपयोगी आकडा निघतो. पहिल्या आठवड्यापासून पाचव्यापर्यंत २८ दिवसांत ०.८४ किलो घट. याला ७,७०० ने गुणून २८ ने भागलं की रोजची तूट येते, २३१ कॅलरी. त्या काळात माझ्या शीटमधली रोजची सरासरी १,७८० होती. म्हणजे वजन जागच्या जागी ठेवायला मला सुमारे २,०१० लागतात. Week मध्ये हे असं लिहायचं:

```
=AVERAGE(C2:C6)+(B2-B6)*7700/28
```

हे २,०१० खरे २,०१० नाहीत. माझं तेल कमी धरलं गेलं असेल, पंगतीचे अंदाज चुकले असतील, तर खरा आकडा २,२०० सुद्धा असेल. पण मी दर आठवड्याला तशाच चुका करत असेन, तर माझ्या शीटपुरता २,०१० हाच कामाचा. शीटमध्ये सरासरी १,७८० राहिली की आठवड्याला दोनशे ग्रॅम उतरतात, एवढं मला पुरतं. कोणत्याही तक्त्यातल्या ‘प्रौढ पुरुषाची गरज’ या ओळीपेक्षा तो आकडा माझ्या जास्त जवळचा आहे. मात्र मधेच मोजण्याची पद्धत बदलली, भाताऐवजी तांदूळ धरायला लागलात किंवा तेलाचे दोनशे घालायला सुरुवात केलीत, तर जुने आठवडे त्या हिशेबात घेऊ नका. पहिल्या दोन आठवड्यांतली घटही जपून धरा, खाणं कमी केल्यावर सुरुवातीला पाणीच जास्त उतरतं.

वजन वाढवायचं असलेल्या माणसालाही हीच शीट चालते, फक्त F मधला फरक वर जायला हवा. गरोदर बायकांनी कॅलरी कमी करण्यासाठी ती वापरू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण औषधाचं प्रमाण जुन्या जेवणावर ठरलेलं असतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो चढलं, पायाला सूज आली, तर आठवड्याच्या सरासरीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सरासरी, काही न करता, महिनाभर खालीच सरकत असेल, तर Week चं पान झेरॉक्सवाल्याकडे छापून घ्या. दहा रुपयांच्या आत काम होतं. डॉक्टरांपुढे “हल्ली जरा उतरल्यासारखे वाटतात” म्हणण्याऐवजी तो कागद ठेवा.